ठिकाण ठरलेलं नाही, तरी बी-रोल आणि पाट्या ठरतात: गोव्यातल्या व्लॉगची स्क्रिप्ट

फोंड्यात बसून मी इतरांच्या प्रवासाचे व्हिडिओ कापतो. लोक गोवा फिरून येतात आणि मेमरी कार्ड माझ्या टेबलावर ठेवतात. "प्लॅन काही नव्हता, वाट नेईल तिकडे गेलो," असं प्रत्येक जण थोड्या अभिमानानेच सांगतो. मग टाइमलाइनवर बघावं तर समुद्राच्या साठ क्लिपा असतात आणि "इथून आम्ही फेरीबोट पकडली" या वाक्यावर टाकायला फेरीबोटीची एकही नसते. गावाचं नाव स्क्रीनवर लिहायचं असतं, पण ते कुठलं गाव होतं हे शूट करणाऱ्यालाच आठवत नाही.

दोष प्लॅन नसण्याचा नाही. लोक बी-रोल, म्हणजे बोलण्यावर टाकायची दृश्यं, ठिकाणाच्या नावाने लिहितात: "किल्ला, चर्च, बीच." ठिकाण बदललं की अख्खी यादी बाद होते. स्क्रीनवरचा मजकूर, ज्याला मी सोयीसाठी पाटी म्हणतो, तो तर एडिटिंगला बसल्यावरच सुचतो. तोवर त्याला लागणारी माहितीही गेलेली असते आणि पाटी ठेवायला फ्रेममध्ये जागाही उरलेली नसते.

म्हणून बी-रोल आणि पाट्या ठिकाणाऐवजी त्यांच्या कामावरून लिहायच्या. कशा, ते एका खऱ्या फेरीवरून सांगतो. माझ्या भाचीला एक दिवसाचा व्लॉग करायचा होता. पणजीतून स्कूटरवर निघायचं आणि पुढची वाट भेटेल त्या माणसाला विचारायची, एवढंच ठरलं होतं. सप्टेंबरचा शेवट होता आणि पाऊस अधूनमधून येत होता. मी मागे बसलो होतो.

१. निघण्याआधी: एक प्रश्न आणि तीन अटी

ठिकाणं ठरलेली नसली तरी व्हिडिओचा प्रश्न ठरलेला हवा. "गोवा बघूया" याला प्रश्न म्हणता येत नाही. भाचीचा प्रश्न होता: "पुलावरून न जाता, फक्त लोकांना विचारत आणि फेरीबोटींनी, मांडवीच्या काठाने किती फिरता येतं?" असा प्रश्न असला की कुठलंही ठिकाण आलं तरी ते उत्तराचा भाग होतं.

त्याखाली तीन अटी लिहा: वाहन, परतायची वेळ आणि कधीही न मोडायची एक गोष्ट. आमच्या अटी होत्या एकच स्कूटर, अंधार पडायच्या आत पणजी, आणि चालू गाडीवर मोबाइल हातात घ्यायचा नाही. सप्टेंबरच्या अखेरीस आपल्याकडे सूर्यास्त साडेसहाच्या आत होतो आणि ढग असतील तर साडेपाचनंतर बी-रोल करडा येतो. म्हणजे शूटिंगचा दिवस पाचला संपतो असं धरूनच स्क्रिप्ट लिहायची.

या अटी स्क्रिप्टच्या पहिल्याच पानावर असाव्यात, कारण त्यांतूनच पहिल्या पाट्या निघतात. "एक स्कूटर, एक दिवस, पूल बंद" ही पाटी घरी बसून लिहिता आली. ती कुठल्याही गावावर अवलंबून नव्हती.

*तपासा:* तुमचा प्रश्न एखाद्या ठिकाणाचं नाव न घेता सांगता येतो का? येत नसेल तर तुमचा प्लॅन ठरलेला आहे, फक्त तुम्ही तो कबूल केलेला नाही.

२. स्क्रिप्टचे खण पाडा

आता वहीत किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये पाच-सहा खण करा. प्रत्येक खण म्हणजे व्हिडिओतलं एक काम. भाचीचे खण असे होते: निघणं, वाट, वळण, पोचणं, माणूस, परतणं. यांतले वाट, वळण आणि पोचणं दिवसात तीन-चार वेळा येणार हे उघड होतं, म्हणून त्यांची पानं तेवढी जास्त केली.

प्रत्येक पानावर तीनच ओळी ठेवा. रिकाम्या जागा मुद्दाम ठेवायच्या. वळणाचं पान निघायच्या आदल्या रात्री असं दिसत होतं:

खण: वळण
बोलणं: "इथे ___ यांना विचारलं. त्यांनी ___ सांगितलं. म्हणून आता ___ नाही, ___."
बी-रोल: विचारताना दुरून, उत्तर देणाऱ्याचा हात किंवा बोट, फाटा किंवा दिशादर्शक फलक, वळणारं चाक
पाटी: "___ ने सांगितलं: ___" (माणसाचं नाव नको; "फेरीवरचे काका" चालेल)

वळण हाच अशा व्लॉगचा मुख्य प्रसंग असतो आणि नेमका तोच शूट व्हायचा राहतो. निर्णय होतो, आपण उत्साहात गाडी वळवतो आणि कॅमेरा पिशवीतच राहतो. मग व्हिडिओत माणूस एका गावातून दुसऱ्या गावात उगवतो. बघणाऱ्याला वाटतं, मधला तुकडा कापला असावा.

*सावध:* पुढच्या ठिकाणाचं नाव कॅमेऱ्यासमोर आधी बोलू नका. "आता आपण अमुक मंदिरात चाललोय" असं म्हणालात आणि वाटेत पाऊस लागून भलतीकडे गेलात, तर तो सगळा तुकडा वाया जातो. त्या तुकड्यात आणखी एखादी चांगली गोष्ट बोलली असाल तर तीही जाते. नाव पोचल्यावर बोला. निघताना दिशा बोला: "काका म्हणाले सरळ, म्हणून सरळ."

३. बी-रोलची यादी: तीन कामं, तीन रकाने

पहिला रकाना सांधणाऱ्या शॉटचा. दोन जागांमध्ये टाकायचे हे तटस्थ शॉट असतात: हेल्मेटचा पट्टा लावणारा हात, किल्ली, रस्त्याकडेचा जांभ्याचा गडगा, पाण्यावरचा तरंग, आरशातला रस्ता. ओळखू येईल असं काहीही त्यांत नको. देऊळ नको, फलक नको, कपड्यांचा ठळक रंगही शक्यतो नको. असा शॉट टाइमलाइनवर कुठेही बसतो. ठिकाणं ठरलेली नसली की एडिटरला सगळ्यात जास्त हेच शॉट लागतात आणि घरी आणलेल्या फूटेजमध्ये सगळ्यात कमी हेच असतात.

पण तटस्थ शॉटलाही दोन गोष्टी चुगली करतात. एक, ओला रस्ता. सकाळच्या कोरड्या रस्त्याच्या मधोमध दुपारचा ओला शॉट लगेच कळतो, म्हणून पावसाळ्यात प्रत्येक सांधणारा शॉट कोरडा आणि ओला असा दोनदा घ्या. दुसरी, नंबरप्लेट. भाड्याच्या दुचाकीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. मध्येच मित्राच्या पांढऱ्या प्लेटच्या गाडीवर शॉट घेतलात, तर बघणारा कमेंटमध्ये तेवढंच लिहितो.

दुसरा रकाना हातांचा. माणूस काय करतो आहे ते जवळून टिपायचं: दोर ओढणारा, पाव मोजणारा, चिठ्ठी फाडणारा. चेहरा न दाखवता माणूस दाखवता येतो आणि परवानगीचा प्रश्नही हलका होतो. विचारायचं मात्र तरीही.

तिसरा रकाना पुराव्याचा, आणि तो पाट्यांसाठी असतो. फेरीच्या वेळांचा फलक, गावाचं नाव असलेली पाटी, दरफलक, शिलालेख, मोबाइलवर दिसणारी वेळ. यांतले बरेच शॉट व्हिडिओत कधीच येत नाहीत. रात्री पाटी लिहिताना त्यांच्याकडे बघायचं असतं.

किती शॉट लागतील याचा हिशोब सोपा आहे. दहा मिनिटांच्या व्हिडिओत साधारण निम्मा वेळ बी-रोल दिसतो असं धरा, म्हणजे पाच मिनिटं. एक शॉट पाच सेकंदांचा धरला तर मिनिटाला बारा, एकूण साठ. निम्मे शॉट हललेले किंवा नको असलेले निघतात, म्हणून एकशेवीस घ्यायचे. आकडा मोठा वाटतो, पण सहा तासांत विभागला तर तासाला वीसच होतात. प्रत्येक शॉट धरून मनात दहापर्यंत मोजा. पाच सेकंद वापरायचे असतील तर पुढे-मागे थोडं जास्तीचं हवंच.

फ्रेम रेट एकच ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची आहे, म्हणून २५ फ्रेमवर शूट करून शटर १/५० ठेवलं की खानावळीतल्या ट्यूबलाइटखाली पट्टे फिरताना सहसा दिसत नाहीत. पावसाचे थेंब किंवा बोटीमागचं पाणी संथ दाखवायचं असेल तर तेवढेच शॉट ५० फ्रेमवर घ्या आणि वहीत तशी खूण करा.

४. पाट्या लिहिणं: तीन रंग

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

स्क्रिप्टमधली प्रत्येक पाटी तिची माहिती कधी मिळणार यावरून तीन रंगांत लिहा. हिरवी पाटी घरी बसून पूर्ण लिहिता येते. वर आलेली अटींची पाटी तशी, किंवा "वळण पहिलं", "वळण दुसरं" ही मोजणी. पिवळी पाटी जागेवर भरायची असते: गावाचं नाव, भाडं, वेळ, पदार्थ. लाल पाटी जागेवर ऐकलेली पण रात्री पडताळून मगच जाणारी: इतिहास, सन, अंतर, "सगळ्यात जुनं", "एकमेव" असे दावे.

पिवळ्या पाटीत किंमत किंवा फेरीची वेळ असेल तर महिना आणि वर्ष त्याच पाटीत टाका. व्लॉग दोन वर्षांनीही बघितला जातो आणि लोक त्या वेळेवर धक्क्यावर जाऊन उभे राहतात.

गावांची नावं हा गोव्यात स्वतंत्रच विषय आहे. आपण चोडण म्हणतो, पण नकाशावर शोधताना Chorao टाइप करावं लागतं. दिवाडीचं Divar, म्हापशाचं Mapusa, कांदोळीचं Candolim. मराठी बघणाऱ्यासाठी मोठ्या अक्षरात देवनागरी नाव आणि त्याखाली बारीक अक्षरात नकाशावरचं रोमन नाव, अशी दोन ओळींची पाटी आधीच ठरवून ठेवा. आणि रोमन नावावरून देवनागरी स्वतः बनवू नका. कळंगुटला "कॅलंगुट" आणि हळदोण्याला "अल्डोना" लिहिलेले व्हिडिओ बघितले की इथल्या माणसाचा पुढच्या माहितीवरचाही विश्वास उडतो. गावचा मराठी फलक दिसला की त्याचा पुरावा-शॉट घ्यायचा.

पाटी किती वेळ ठेवायची? नेहमीच्या वेगाने दोनदा मोठ्याने वाचा. जेवढा वेळ लागेल तेवढी ती स्क्रीनवर राहिली पाहिजे. सहा-सात शब्दांच्या पाटीला साधारण पाच सेकंद लागतात, म्हणजे खालचा शॉटही तेवढा लांब आणि स्थिर हवा. हे गणित स्क्रिप्टमध्येच दिसलं पाहिजे, म्हणून पाटीपुढे "५ से., स्थिर" असं लिहा. ते न लिहिल्यामुळे होतं असं की शॉट असतो तीन सेकंदांचा, त्यातही कॅमेरा फिरतो आहे आणि त्यावर दोन ओळींचा मजकूर. तो कोणालाच वाचता येत नाही.

पाटीची जागाही आधीच ठरवा. भाचीने डावा तिसरा भाग निवडला. मग पाटी येणार असलेल्या प्रत्येक शॉटमध्ये डावीकडे मोकळी आणि गडद जागा ठेवायची: जांभ्याची भिंत, झाडी, सावलीतलं पाणी. पावसाळ्यात आपलं आकाश पांढरंफटक असतं आणि त्यावर पांढरी अक्षरं विरघळतात. तळाची पट्टी मोकळीच सोडा, कारण यूट्यूबची आपोआप येणारी सबटायटलं आणि प्रोग्रेस बार तिथेच येतात. शेवटच्या वीस सेकंदांतही पाटी नको, तिथे एंड स्क्रीनचे चौकोन बसतात.

*तपासा:* निघण्याआधी एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये "म्हार्दोळ, कुंकळ्ळी, कीर्ती" एवढं टाइप करून बघा. ळ्ळ सुटला, रफार भलत्या अक्षरावर गेला किंवा वेलांटी चुकीच्या बाजूला आली, तर फॉन्ट किंवा सॉफ्टवेअरची टेक्स्ट सेटिंग बदलायला हवी. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट मिळतात आणि मोबाइलवरही नीट वाचता येतात. दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो.

५. त्या दिवशीचा क्रम

पोचल्यावर आधी बोलायला उभं राहू नका. आधी तीस सेकंद नुसता आवाज रेकॉर्ड करा, मग एक दूरचा शॉट, मग पुराव्याचा शॉट. बोलणं त्यानंतर. कारण साधं आहे: तुम्ही बोलायला लागलात की लोक जमतात, जागेचा मूळ आवाज जातो आणि पुढचे सगळे शॉट "काय चाललंय इथे" अशा चेहऱ्यांचे येतात.

बोलून झाल्यावर क्लिप लगेच एकदा ऐका आणि त्यात आलेली नामं वहीत उतरवा. रायबंदरच्या धक्क्यावर भाची बोलली: "ही फेरीबोट चोडणला जाते. समोर खारफुटी दिसतेय. इथे स्कूटरसुद्धा चढते, आणि त्या मावशी रोज मासळीची पाटी घेऊन पलीकडे जातात." नामं पाच: फेरीबोट, खारफुटी, चढणारी स्कूटर, मावशी, मासळीची पाटी. म्हणजे इथून हलायच्या आधी हे पाच शॉट हवेतच. वहीत सुंदर ढगांचे चार शॉट असले तरी या पाचांतला एकही त्यांनी भरून निघत नाही. नामांचा हा हिशोब केला की ठरलेल्या यादीची गरजच निम्मी होते, कारण यादी तुमच्या बोलण्यातूनच तयार होते.

फेरीबोटीची एक अडचण घरी बसून लक्षात येत नाही. रॅम्प पडला की गाड्या भराभर चढतात. चालवणाऱ्याला तेव्हा शूट करता येत नाही, आणि पलीकडे पोचायला काही मिनिटंच लागतात. दोघं असाल तर एकाने गाडी चढवावी आणि दुसऱ्याने चालत जाऊन रॅम्पच्या कडेला उभं राहावं, वाटेत नाही. एकटे असाल तर आपली बोट यायच्या आधीच्या बोटीचं उतरणं-चढणं धक्क्यावरून टिपून ठेवा. तोच शॉट तुमच्या चढण्याला चालतो.

फेरीवर वळणाचं पान उघडलं. एका काकांना विचारलं तर ते कोकणीत म्हणाले, "फुडें वच, मागीर दाव्यान." भाचीने सबटायटलसाठी लिहिलं: "पुढे जा, मागे डावीकडे." ती पुण्यात वाढलेली. मागीर म्हणजे नंतर. काकांनी सांगितलं होतं पुढे जाऊन मग डावीकडे वळायला, आणि आमचं सबटायटल बघणाऱ्याला उलटा पाठवणार होतं. कोकणी आणि मराठी इतक्या जवळच्या आहेत की असे शब्द आपल्याला कळल्यासारखे वाटतात. म्हणून कोकणी उत्तराचं सबटायटल जागेवरच, त्याच माणसाला विचारून लिहा: "म्हणजे आधी सरळ, मग डावीकडे, हो ना?" हे विचारणंही रेकॉर्ड होऊ द्या. कधी कधी तेच व्हिडिओत गोड दिसतं.

६. एक लाल पाटी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

त्या डावीकडच्या वाटेने आम्ही चोडण ओलांडून मयेला गेलो. तिथे पुन्हा विचारलं आणि नार्व्याला पोचलो. सप्तकोटेश्वराच्या देवळात जाऊ हे सकाळी कोणाच्या मनातही नव्हतं. पण पोचण्याचं पान तयार होतं, त्यात फक्त भरायचं होतं.

आत शूटिंगचं विचारायचं आणि गाभारा सोडून द्यायचा, हे स्क्रिप्टमध्येच लिहिलेलं होतं. देऊळ आलं की बी-रोल बाहेरचा: दीपस्तंभ, पायऱ्या, काढून ठेवलेल्या चपला, ओल्या फरशीवर पडलेली कळसाची सावली. कोणी "नको" म्हणालं तरी हा खण रिकामा राहात नाही.

मग भाची कॅमेऱ्यासमोर बोलली: "हे देऊळ शिवाजी महाराजांनी बांधलं." आणि तशीच पाटी लिहिली. ही लाल पाटी. तिथल्या शिलालेखाचा पुरावा-शॉट आम्ही घेतला होता, म्हणून रात्री पडताळता आलं. शिलालेखात शके १५९० असा काळ आहे, कार्तिक महिन्यातला. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १६६८. पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला जानेवारी उलटलेला असू शकतो, मग ७९ मिळवावे लागतात. कार्तिकाला तो प्रश्न येत नाही. मजकूर देवालयाच्या कामाला महाराजांच्या आज्ञेने प्रारंभ झाल्याचं सांगतो, आणि देव मूळचा इथला नाही. सप्तकोटेश्वराचं जुनं देऊळ दिवाडी बेटावर होतं. ते पोर्तुगीज काळात पाडलं गेलं आणि देव नदीपलीकडे नार्व्याला आला. म्हणजे "बांधलं" हा शब्द अर्धवट होता आणि त्यात दिवाडी गायबच झाली होती.

पाटी शेवटी अशी झाली: "सप्तकोटेश्वर, नार्वे. जीर्णोद्धाराचा आरंभ: १६६८." आठवण म्हणून शके १५९० बारीक अक्षरात खाली ठेवलं. बोललेलं वाक्य मात्र चुकीचंच होतं आणि परत जाऊन ते बोलता येणार नव्हतं. अशा वेळी पाटीने बोलण्याला खोडू नये. कान एक ऐकतो, डोळे दुसरं वाचतात आणि बघणारा दोन्ही सोडून देतो. तेवढं वाक्य कापून टाकायचं आणि त्या जागी घरी रेकॉर्ड केलेला आवाज शिलालेखाच्या शॉटवर घालायचा. तेव्हा शिलालेखाचा दहा सेकंदांचा स्थिर शॉट हाताशी होता म्हणून वाचलो.

इथे अजून एक शिकण्यासारखं घडलं. नार्व्याला बोलताना दिवाडीचा उल्लेख आला, पण दिवाडी अजून बघितलीच नव्हती. स्क्रिप्टमध्ये त्या ओळीसमोर लिहिलं: "दिवाडी, पाण्यापलीकडून, येणे बाकी." मग धक्क्यावर विचारलं तर नार्व्याहून दिवाडीला फेरी जाते असं कळलं आणि परतायची वाटच ठरली: दिवाडी, तिथून दुसऱ्या फेरीने जुने गोवे, आणि काठाकाठाने पणजी. फेरीवरून दिवाडीचा किनारा जवळ येतानाचा शॉट घेतला आणि व्हिडिओत तो आधीच्या वाक्यावर गेला. ठिकाणं ठरलेली नसली की बोलणं आणि त्याचं दृश्य असे मागेपुढे होतात. म्हणून "येणे बाकी" हा रकाना प्रत्येक पानावर असावा आणि प्रत्येक वळणावर तो वाचावा. नाहीतर गरजेचा शॉट समोरून निघून जातो आणि आपण ढग टिपत बसतो.

*सावध:* "येणे बाकी" मध्ये तीनपेक्षा जास्त ओळी साठल्या तर बोलणं थांबवा. दिसत नसलेल्या गोष्टींवर तुम्ही फार बोलत आहात.

७. संध्याकाळची वीस मिनिटं

घरी पोचल्यावर आंघोळीच्या आधी, क्लिपा कॉपी होत असताना, वही उघडा. सगळ्या पिवळ्या पाट्या भरा. एखादी भरता येत नसेल तर अंदाजाने भरू नका, काढून टाका. लाल पाट्यांपुढे पुरावा-शॉटचा क्रमांक लिहा. पुरावा नसेल आणि दुसरीकडून खात्री होत नसेल तर दावा उतरवा: "सगळ्यात जुनं" च्या जागी "जुनं".

मग खण चाळा. वाट, वळण आणि पोचणं हे तिन्ही प्रत्येक वेळी भरले आहेत का? आमचं त्या दिवशी मयेचं वळण रिकामं निघालं. विचारलं होतं, शूट केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मयेला परत जाऊन ते नव्याने "घडवणं" मला पटत नाही. दुसऱ्या कोणाला तरी विचारून तोच प्रसंग असल्यासारखं दाखवायचं, असा नाटकी वास लगेच येतो. त्याऐवजी नुसत्या रस्त्याच्या सांधणाऱ्या शॉटवर हिरवी पाटी टाकली: "वळण दुसरं. विचारलं, पण कॅमेरा पिशवीत होता." व्हिडिओत लोक त्याच पाटीवर हसले.

दुसरा दिवस हाताशी असेल तर त्याचा पहिला अर्धा तास राहिलेल्या सांधणाऱ्या शॉटना द्या, आणि ते ज्या वेळेच्या दृश्यात जायचे आहेत त्याच वेळेच्या उजेडात घ्या. संध्याकाळच्या प्रसंगाला सकाळचा हात लावला तर सावल्या उलट्या बाजूला पडतात.

८. कापायच्या आधी: आवाज बंद

खणांच्या क्रमाने कच्चा जोड लावा, पाट्या साध्या पांढऱ्या अक्षरांत टाका आणि आवाज बंद करून, मोबाइलवर, हात लांब धरून बघा. तीन गोष्टी टिपायच्या. प्रत्येक ठिकाण बदलताना आपण कसे आलो हे दिसतं का? प्रत्येक पाटी संपेपर्यंत वाचून होते का? आणि पाटी काढली तरी दृश्यातून तेच कळतं का? कळत असेल तर पाटी काढा. फेरीबोट दिसते आहे आणि वर "फेरीबोट" लिहिलं आहे, अशा चार पाट्या आमच्या पहिल्या जोडात होत्या.

मग उलटं करा. स्क्रीन उपडी ठेवा आणि नुसतं ऐका. "हे बघा", "इथे बघा कसं" असं जिथे ऐकू येतं, तिथे समोर काय दिसायला हवं ते वहीत लिहा आणि त्या जागी नेमका तोच शॉट आहे का ते बघा. भाचीच्या व्हिडिओत "हे बघा" सात वेळा निघालं. पाच ठिकाणी शॉट होता, आणि दोन ठिकाणी आम्ही ते "हे बघा"च कापून टाकलं.